अनुभव: पेट स्कॅनमध्ये एसयूव्ही मोठी आली, पुढे काय निघालं?

फोंड्याची सून
ज्यांच्या घरी पेट स्कॅनच्या रिपोर्टात एसयूव्हीचा, म्हणजे गाठ किती चमकते त्याचा, मोठा आकडा आला आणि शेवटी भलतंच काही निघालं, त्यांनी लिहावं. उलट झालं असेल तर तेही लिहा. सुरुवात मी करते.

मामंजींना सुका खोकला आणि संध्याकाळचा बारीक ताप होता, वजनही उतरलं होतं. सिटी स्कॅनमध्ये छातीच्या मधोमध, श्वासनलिकेशेजारच्या ग्रंथी वाढलेल्या दिसल्या म्हणून पेट सांगितला. त्यात त्या ग्रंथींची 'एसयूव्ही मॅक्स' ९.२. खाली लिम्फोमाची, म्हणजे ग्रंथींच्या कॅन्सरची, शंका आणि 'तुकड्याच्या तपासणीशी जुळवून पाहावे' अशी एक ओळ. ती ओळ कोणी वाचलीच नाही. दीर थेट विचारायला लागले, तिसरी स्टेज की चौथी?

छातीच्या डॉक्टरांनी मात्र आधी नमुना घ्यायचा हट्ट धरला. तोंडातून दुर्बीण घालून, आतूनच सोनोग्राफी करत ग्रंथीत सुई टोचतात, त्याला ते एबस म्हणतात. नमुन्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींचे पुंजके, मध्ये मेलेल्या पेशींचा पनीरसारखा चोथा, आणि जीन एक्सपर्ट चाचणीत टीबीचे जंतू. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देणारे, हे नशीब. केमोच्या ऐवजी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या.

मला अजून कोडं आहे ते हे की एवढा मोठा आकडा टीबीचा येतोच कसा?

म्हापसेकर
माझ्या माहितीप्रमाणे २.५ च्या खाली साधं आणि वर कॅन्सर. आमच्या काकांच्या वेळी डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि तसंच निघालं. ९ म्हटल्यावर कोणीही घाबरेल. तुमचं अपवादानं वाचलं, देवाची कृपा.

पेडण्याचा टेक्निशियन
मुंबईत बरीच वर्षं पेटचं मशीन चालवलंय, आता गावी आहे.

म्हापसेकर, तो २.५ फुफ्फुसातल्या एकट्या गाठीवर झालेल्या जुन्या अभ्यासांतला आहे. पुढे तो सगळ्या अवयवांना चिकटवला गेला. तो धरून चाललात तर मेंदू, मूत्राशय आणि बऱ्याचदा हृदयसुद्धा कॅन्सरमध्ये जमा होईल, कारण तिथे नेहमीच जास्त चमक असते.

वहिनी, आकड्याचा हिशेब साधा आहे. समजा मामंजींचं वजन ६० किलो आणि त्यांना ६ मिलिक्युरी किरणोत्सारी औषध टोचलं. ते सगळ्या अंगात सारखं पसरलं असतं तर प्रत्येक ग्रॅमला ०.१ मायक्रोक्युरी आलं असतं. त्या सरासरीला आपण १ म्हणतो. ग्रंथीतल्या सर्वांत तेजस्वी ठिपक्यात ०.९२ मायक्रोक्युरी मोजलं, म्हणून ९.२. किरणोत्सार दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, तो हिशेब मशीन आधीच करून ठेवतं. थोडक्यात, 'सरासरीच्या नऊपट साखर इथे ओढली गेली' एवढंच तो आकडा सांगतो. कोणी ओढली, हे सांगत नाही.

टोचतो ती साखरेची नक्कल. पेशी तिला ग्लुकोज समजून आत घेते, पहिली पायरी करते, फॉस्फेट जोडते, आणि पुढची पायरी होतच नाही. माल आत अडकतो. कॅन्सरची पेशी भुकेली म्हणून जास्त घेते. पण टीबीशी झुंजणारे मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट हेही चेतवले गेले की साखरेवरच चालतात, त्यांच्या दारावरही ग्लुकोज आत घेणारी तीच प्रथिनं वाढतात. पेट कॅन्सर बघत नाही, पेशींची साखरेची भूक बघतो. टीबीच्या ग्रंथी १० च्या वर गेलेल्या मी कितीदा पाहिल्यात. आपल्या देशात तो अपवाद नव्हे.

डिचोलीची माय
म्हणजे ९ म्हणजे रेडिएशन जास्त लागलं का? आमच्या आईचा आकडा १४ होता आणि तिने त्याच रात्री नातवाला कुशीत घेऊन झोपवलं. मी घाबरलेय.

पेडण्याचा टेक्निशियन
ताई, आकड्याचा आणि रेडिएशनचा संबंध नाही. १४ आणि २ वाल्यांना औषध जवळपास सारखंच, वजनानुसार दिलेलं असतं. त्या दिवशी काही तास लहान मुलं आणि गरोदर बायांपासून लांब राहा, भरपूर पाणी पिऊन लघवीला जा, एवढं सांगतो. रात्रीपर्यंत किरण बरेच ओसरलेले असतात. नातवाची काळजी करू नका.

मडगावची वर्षा
आमचं उलट. आईच्या फुफ्फुसात सिटीवर धुरकट काचेसारखा डाग होता. पेटवर एसयूव्ही १.४. नात्यातल्या सगळ्यांनी 'सुटलो' म्हणून फोन केले. डॉक्टर म्हणाले, डाग वर्षभर गेलेला नाही, उलट थोडा घट्ट झालाय, काढू या. ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच निघाला. हळू वाढणाऱ्या किंवा चिकट स्राव करणाऱ्या गाठी साखर कमी खातात म्हणे. त्यामुळे कमी आकडा दिसला की पेढे वाटणाऱ्यांना मी थांबवते.

म्हापसेकर
मग आकड्याचा उपयोग काय? कमी आला तरी कॅन्सर, जास्त आला तरी टीबी.

पेडण्याचा टेक्निशियन
उपयोग दोन ठिकाणी. एक, सुई कुठे टोचायची ते कळतं. दोन, उपचार चालू असताना आधीच्या स्कॅनशी तुलना. पण तुलना सारख्या परिस्थितीतच करायची. टोचल्यापासून तासाभरानं घेतलेला आणि दीड तासानं घेतलेला स्कॅन वेगळा येतो. रक्तातली साखर वाढलेली असली तर खरी साखर आणि आमची नक्कल एकाच दारावर गर्दी करतात आणि गाठीचा आकडा खाली येतो. २०० च्या वर साखर असली तर आम्ही बहुधा पेशंट परत पाठवतो. आणि मशीन बदललं तर ६.१ चे ७.० झाले म्हणून वाढ झाली असं ठरवू नका. रिपोर्टात यकृताचा आकडा असतो, त्याच्या मानानं बघा.

सांखळीचा शेणवी
माझा प्रश्न सुटलेला नाही. फुफ्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्या ग्रंथी, एसयूव्ही ११. नमुन्यात ग्रॅन्युलोमा, पण चोथा नाही, जंतू नाही, जीन एक्सपर्ट निगेटिव्ह. एक डॉक्टर म्हणतात सारकॉइड, म्हणजे जंतूंशिवाय येणारी ग्रंथींची सूज, दुसरे म्हणतात टीबी समजून गोळ्या देऊन बघू. कोणी सुचवलं की दोन तासांनी परत स्कॅन करा, आकडा वाढला तर कॅन्सर, उतरला तर सूज. खरं का?

पेडण्याचा टेक्निशियन
पूर्वी त्यावर बरीच भिस्त होती. पण टीबी आणि सारकॉइडच्या ग्रंथीसुद्धा उशिराच्या स्कॅनमध्ये वाढताना दिसतात, म्हणून आपल्याकडे त्यानं निर्णय होत नाही. दोन्ही बाजूंना सारखं असणं सारकॉइडकडे झुकतं, पक्कं नाही. आणि एक गोष्ट तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा: कॅन्सरच्या शेजारच्या ग्रंथीतसुद्धा प्रतिक्रिया म्हणून ग्रॅन्युलोमा सापडतात. म्हणून कुठे दुसरी गाठ नाही ना, हे सिटीच्या चित्रांत नीट पाहायला सांगा.

सांखळीचा शेणवी
सिटीत बाकी काही नाही म्हणतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवलंय, सारकॉइड डोळ्यांत उतरतं म्हणून. तिथे काय निघतं ते बघू.

फोंड्याची सून
माझा एक प्रश्न राहिला. मामंजींचा ताप गेला, वजन चढतंय. दीर म्हणतात गोळ्या संपल्या की पुन्हा पेट करून आकडा शून्य आला का बघू. डॉक्टर म्हणतात गरज नाही, एक्सरे आणि वजन पुरे, ग्रंथीत चमक बरी झाल्यावरही काही काळ राहते आणि उगाच धास्ती. इथे कोणी पुन्हा पेट केलाय का, टीबी संपल्यावर?

मडगावची वर्षा
भाचीचा केला होता. ३ आला. आणखी तीन महिने घरात भांडण!