मदत हवी आहे: सिलॉजिझममध्ये 'काही'ला 'सर्व' धरलं की उत्तर का चुकतं?

नाशिकला अभ्यासिकेत आम्ही काहीजण बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय. एका प्रश्नावर वाद अडलाय.

विधाने: सर्व द्राक्षे फळे आहेत. काही फळे आंबट आहेत.
निष्कर्ष: काही द्राक्षे आंबट आहेत.

उत्तरसूची म्हणते, निष्कर्ष निघत नाही. (द्राक्षं आंबट निघतात हे नाशिककरांना सांगायला नको, पण इथे दिलेली विधानंच धरायची.)

वेन आकृती काढून पाहिली. फळांच्या मोठ्या वर्तुळात द्राक्षांचं छोटं वर्तुळ. आंबटचं वर्तुळ फळांना एका कडेने छेदून जातं, द्राक्षांना शिवतही नाही, तरी दोन्ही विधानं खरी राहतात. 'सर्व फळे आंबट' धरलं तरच निष्कर्ष पक्का होतो, इथवर पटलं.

पण 'काही द्राक्षे फळे आहेत, सर्व फळे आंबट आहेत' असं दिलं, तर तोच निष्कर्ष बरोबर येतो! इथेही एक 'सर्व', एक 'काही'च. आमचा अंदाज असा की जोडणारं पद, म्हणजे 'फळे', किमान एका विधानात पूर्ण घेतलेलं हवं.

'शक्यता आहे'वाले प्रश्न सध्या बाजूला ठेवा. 'काही फळे आंबट नाहीत' अशा नकारार्थी विधानांना एवढी एकच कसोटी पुरते, की निष्कर्षातली पदंही तपासावी लागतात?