'गायरेज-निरोधक' म्हणावं का?

मीनल_अनुवाद: क्षयरोगावरच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करतेय. लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही फ्लुरोक्विनोलोन गटातली औषधं तिथे 'गायरेज इनहिबिटर', म्हणजे जंतूच्या गायरेज या एन्झाइमला रोखणारी, म्हणून दिली आहेत. मी 'गायरेज-निरोधक' केलं. संपादक म्हणतात, नुसतं 'रोधक' पुरे. जाणकारांनी सांगावं.

विनय_प: रोधकच. औषध गायरेज बंद पाडतं, जंतूचं काम थांबतं, जंतू मरतो. विषय संपला.

सूक्ष्मदर्शी: विनयराव, अर्धंच बरोबर आहे. गायरेज डीएनएचा पीळ सांभाळतं. त्यासाठी ते दोन्ही धागे कापतं, त्या फटीतून डीएनएचाच दुसरा भाग पार करतं आणि कापलेलं पुन्हा जोडतं. फ्लुरोक्विनोलोन नेमकं कापल्यावर आणि जोडण्याआधी त्या फटीत जाऊन बसतं. पाचर मारल्यासारखं. आता एन्झाइम डीएनएला चिकटलेलं आणि डीएनए तुटलेला. प्रतिकृती करत येणारी यंत्रणा तिथे अडकते, आणि ही अडकलेली तुटकी टोकं मोकळी झाली की जंतू मरतो. नोव्होबायोसिन हे दुसरं अँटिबायोटिक मात्र खरं निरोधक, ते गायरेजला ऊर्जा देणारं एटीपीच मिळू देत नाही.

याचा जुना पुरावा फार सुंदर आहे. ई. कोलाय या जंतूच्या एकाच पेशीत गायरेजचं साधं आणि प्रतिरोधी अशी दोन्ही जनुकं ठेवली, तर पेशी औषधाला बळी पडते. औषध नुसतं काम थांबवत असतं, तर प्रतिरोधी गायरेजने काम चालू ठेवून पेशी वाचवली असती. पण अडकलेलं साधं गायरेजच घात करतं. म्हणून इंग्रजीत याला गायरेजचं 'पॉयझन' म्हणतात.

मीनल_अनुवाद: पण रुग्णाच्या पुस्तिकेत 'विष' कसं लिहू? लोक गोळ्या टाकून देतील!

शिरीष_ना: 'गायरेज-जखडक'? ऐकायला भयंकर आहे, पण अर्थ नेमका.

गौरीची_आई: शब्दांचं मला कळत नाही, माफ करा. माझ्या मामेबहिणीच्या एलपीए रिपोर्टमध्ये gyrA समोर 'WT3 नाही, MUT3C आहे' असं लिहिलंय. शेवटी फ्लुरोक्विनोलोन रेझिस्टंट. तिने एकही गोळी चुकवली नव्हती. मग हे कसं?

सूक्ष्मदर्शी: ताई, उपचार तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचा. रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो. एलपीए ही पट्टीवरची जनुकचाचणी, ती gyrA या गायरेजच्या जनुकाचा छोटा भाग तपासते. WT3 म्हणजे त्या भागातला मूळ क्रम, त्याची रेघ उमटली नाही. MUT3C म्हणजे D94G, ती उमटली. म्हणजे ९४व्या जागी अ‍ॅस्पार्टेटऐवजी ग्लायसीन आलंय. औषध एका मॅग्नेशियम आयनच्या आणि त्याभोवतीच्या पाण्याच्या मदतीने गायरेजला धरतं. ई. कोलायमध्ये हा पूल ८३चं सेरीन आणि ८७चं अ‍ॅस्पार्टेट अशा दोन टेकूंवर असतो. क्षयाच्या जंतूत सेरीनच्या जागी, म्हणजे ९० वर, मुळातच अ‍ॅलनीन आहे, त्यामुळे भिस्त ९४ वर. ते गेलं की पकड सुटते. म्हणून D94G सहसा वरच्या पातळीचा प्रतिरोध देतं. MUT1 म्हणजे A90V असेल तर पातळी बहुधा खालची असते, तिथे मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या मोठ्या मात्रेचा विचार होतो.

WT3 आणि MUT3C दोन्ही रेघा आल्या असत्या, तर साधे आणि बदललेले जंतू मिसळलेले असा अर्थ झाला असता.

विनय_प: म्हणजे जंतू औषधाला सरावला. मी 'सराव' हाच शब्द सुचवतो.

सूक्ष्मदर्शी: तोच नको. फुप्फुसातल्या पोकळीत जंतू प्रचंड संख्येने असतात, त्यांत असा बदल झालेला एखादा आधीच असतो. औषध एकटंच पडलं की बाकीचे मरतात आणि तो वाढतो. आणि ताईंच्या बहिणीला तो जंतू तसाच, बदललेला, दुसऱ्याकडून लागलेला असू शकतो. गोळ्या चुकवल्या असा दोष द्यायचं कारण नाही.

डॉ_अश्विनी: थोडी भर. डीएनए तुटला की जंतूची दुरुस्तीयंत्रणा जागी होते आणि ती चुका करते. त्यामुळे औषधाने बदलांचा वेग वाढतो असं प्रयोगशाळेत दिसतं. प्रत्यक्ष रुग्णात त्याचा वाटा किती, यावर वाद आहे. म्हणून 'आधीच असतो' यापुढे 'बहुधा' लावा.

सूक्ष्मदर्शी: लावतो. पण 'सराव' तरीही नाही.

मीनल_अनुवाद: मी असं लिहितेय: 'हे औषध जंतूचं गायरेज कापलेल्या डीएनएवरच अडकवून ठेवतं.' संपादकांना एकच शब्द हवा आहे, त्यामुळे 'निरोधक' कंसात राहील असं दिसतंय.

शिरीष_ना: कंसात तरी 'जखडक' घ्या हो.

गौरीची_आई: अजून एक. शेजारच्या मुलाच्या जनुकक्रमाच्या रिपोर्टमध्ये S95T आलंय. तोही रेझिस्टंट का?

सूक्ष्मदर्शी: तेवढ्यावरून नाही. ९५व्या जागी थ्रिओनीन असणं हा क्षयाच्या बहुतेक जंतूंतला नैसर्गिक फरक आहे. तुलनेसाठी वापरतात त्या H37Rv या प्रयोगशाळेतल्या वाणात तिथे सेरीन आहे, म्हणून तो 'बदल' म्हणून छापला जातो. ८८ ते ९४ मध्ये काही आलंय का, ते बघायला सांगा.