स्किप-लेव्हलमध्ये थेट निर्णय मागितला तर

> "मीटिंगमध्ये कुणी मॅनेजरला वगळून माझ्याकडेच निर्णय मागितला, तर काय करावं?"

स्किप-लेव्हल म्हणजे मॅनेजरच्या वरच्या अधिकाऱ्याने, म्हणजे इथे तुम्ही, मॅनेजरच्या टीममधल्या लोकांशी थेट घेतलेली मीटिंग. तिथे जागेवर होकार देऊ नका. समजा, टेस्टर म्हणाली, "रिलीज शुक्रवारी असतो, त्यात शनिवार जातो, तो बुधवारी करा." तुम्ही 'करू' म्हणालात की पुढच्या वेळी ती मॅनेजरकडे जाणारच नाही. त्याऐवजी विचारा, "मॅनेजरशी बोललीस का? काय उत्तर मिळालं?" बोलली नसेल तर आधी तिकडेच पाठवा. बोलूनही अडलं असेल, तर मॅनेजरला नेमकं काय सांगायचं ते तिच्यासमोरच ठरवा. टीममध्ये टेस्टर ती एकटीच असेल तर नाव लपवूनही ओळखू येईल, हेही तिला स्पष्ट सांगा. मग त्याच दिवशी मॅनेजरशी बोला आणि बदल त्यालाच जाहीर करू द्या. छळाची तक्रार मात्र मॅनेजरकडे न नेता ठरलेल्या समितीकडे किंवा एचआरकडे न्या.