मदत हवी आहे: स्पीकरला कोणती केबल बसेल?

अनघा
आईच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरची केबल हरवली आहे. चार्जिंगच्या जागेचा फोटो टाकला आहे. हे मायक्रो आहे की सी? तळाशी ५ व्होल्ट, १ अँपिअर असं छापलंय. भलतीच पिन कोंबून सॉकेट मोडायला नको, म्हणून आधी विचारतेय.

निखिल
फोटो तिरका आहे, कडा नीट दिसत नाहीत. टॉर्च पाडून अगदी समोरून काढा. बाहेरच्या आकारापेक्षा आतली पट्टी बघा. ती बरोबर मधोमध असेल आणि चारही कोपरे गोल असतील तर सी. पट्टी एका बाजूला सरकलेली आणि खालचे दोन कोपरे तिरके कापलेले असतील तर मायक्रो. आत पट्टीच नसेल तर लायटनिंग असू शकतं, पण स्पीकरला ते क्वचितच असतं.

अनघा
नवा फोटो टाकलाय. पट्टी मधोमध आहे, कोपरे गोल.

सुहास
मग सीच. आता कुठलीही सी केबल घ्या, सगळ्या सारख्याच.

अनघा
फोनची केबल लावून पाहिली, तिची दोन्ही टोकं सी आहेत. पिन छान बसली, पण दिवा लागत नाही. त्याच केबलने, त्याच चार्जरवर फोन मात्र चार्ज होतो.

निखिल
मग केबल आणि चार्जर ठीक आहेत. सी चार्जर पलीकडे उपकरण आहे हे ओळखल्याशिवाय वीज सोडतच नाही. ती ओळख उपकरणातल्या ५.१ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांवरून पटते, आणि स्वस्त वस्तूंमध्ये बरेचदा तेच बसवलेले नसतात. हे फोटोत कधीच दिसणार नाही. जुन्या चौकोनी यूएसबी-एच्या खाचेत ५ व्होल्ट कायम असतात, तिथे ओळखीची भानगड नाही. म्हणून एका टोकाला ए, दुसऱ्याला सी अशी केबल लावा. हरवलेली केबल कशी होती, आठवतंय?

रेवती
माझा लॅपटॉपही सी केबलवर फार हळू चार्ज होतो. तोच प्रकार का?

निखिल
नाही. हळू का होईना, चार्ज होतोय म्हणजे ओळख पटलीय. साध्या सी-सी केबलमधून ३ अँपिअरच जातात, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॉट. तुमचा चार्जर किती वॉटचा आहे ते सांगा, वेगळा धागा काढलात तर बरं.

अनघा
आई म्हणते, जुनी केबल चौकोनी टोकाचीच होती. शेजारून तशी आणून लावली, लाल दिवा लागला!

सुहास
पण सॉकेटमध्ये कचरा असला तरी असं होतं. माझ्या फोनला झालं होतं.

निखिल
कचऱ्याने पिन पूर्ण आत जात नाही, इथे ती नीट बसतेय. तरी एक बघा: सी-सी केबलची स्पीकरकडची पिन उलटी करून लावा. एका बाजूने चाललं तर दोनपैकी एकच रेझिस्टर किंवा एकच संपर्क गेलेला असेल.

अनघा
संध्याकाळी करून बघते. तोवर ए-सी केबल मागवून ठेवते.