मदत हवी आहे: अनवाइंडचा डान्सर मोठ्या रोलवर डोलतो, कोअरजवळ स्टार्ट करताना थेट वरच्या स्टॉपरला जातो

शॉपफ्लोअर_वाळूज
नमस्कार मंडळी. मी पॅकेजिंग फिल्मच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. आमच्या स्लिटरच्या अनवाइंडला पूर्वी पावडर ब्रेक होता. दीड महिन्यापूर्वी बाहेरच्या एका पार्टीने तो काढून मोटर आणि ड्राइव्ह बसवला. काम संपलं, बिल झालं, आता ते फोन उचलत नाहीत.

मशीनची माहिती अशी. फिल्म १२ मायक्रॉन पॉलिएस्टर, रुंदी १ मीटर, लाइन स्पीड २०० मीटर प्रति मिनिट. जंबो ६०० मिमी व्यासाचा येतो, कोअर बाहेरून ९२ मिमी. मोटर ३.७ किलोवॅट, १४४० आरपीएम, टायमिंग बेल्टने २:१ रिडक्शन. डान्सरला खाली ओढणारा एअर सिलिंडर, पिव्हटवर पॉट. व्यास अल्ट्रासॉनिक सेन्सरवरून पीएलसीत येतो. लाइन स्पीडचा रेफरन्स नीपच्या ड्राइव्हकडून मिळतो आणि पीआयडी डान्सर बघून अनवाइंडचा स्पीड कमीजास्त करतो.

त्रास दोन आहेत. पूर्ण रोल असताना डान्सर सतत वरखाली डोलतो आणि फिल्मवर आडव्या सुरकुत्या येतात. पी कमी केला की शांत होतो, पण मग रोल लहान झाल्यावर डान्सर इतका सुस्त होतो की जॉइंट गेला तरी जागचा हलत नाही. ऑपरेटरने पॅनलच्या दाराला चिकटपट्टीने कागद लावलाय: "मोठा रोल ०.७, छोटा रोल ४". दर रोलला दोन-तीनदा तो आकडा हाताने बदलतो. दुसरा त्रास म्हणजे रोल साधारण १३०-१४० मिमीच्या खाली आल्यावर मशीन थांबवून पुन्हा चालू केलं की डान्सर दोन सेकंदांत वरच्या स्टॉपरला जाऊन आपटतो आणि फिल्म तुटते. चालू असताना मात्र तोच रोल कोअरपर्यंत व्यवस्थित उतरतो.

पॉट बदलून पाहिला, केबलचं शील्ड तपासलं. कृपया सुचवा.

जुना_फिटर
रोल अंडाकृती झाला असणार. जंबो जमिनीवर आडवे ठेवता ना? एका बाजूला बसका होतो आणि प्रत्येक फेऱ्याला डान्सर उचलतो. यात इलेक्ट्रिकलचा दोष नाही. रोल क्रेडलमध्ये दांडीवर लटकवून ठेवा. आणि हवेचं प्रेशर थोडं वाढवा, डान्सर जड झाला की डोलणार नाही.

ड्राइव्हवाली
काका, रोल बसका होतो हे खरंच आहे, पण ते ओळखायचा सोपा उपाय आहे. दादा, घड्याळ लावून सांगा, एक झोका किती सेकंदांचा आहे? मग लाइन १०० वर आणून पुन्हा मोजा. दोष रोलच्या गोलाईचा असेल तर २०० ला ६०० मिमीचा रोल मिनिटाला १०६ फेरे घेतो, म्हणजे दर ०.५७ सेकंदाला एक धक्का, आणि १०० ला वेळ बरोबर दुप्पट होईल. वेळ बदलली नाही तर दोष कंट्रोल लूपचा.

प्रेशर मात्र वाढवू नका. या मशीनवर फिल्मचं टेन्शन तेच ठरवतं. डान्सरवर फिल्म अर्धा फेरा घेते म्हणजे दोन पदर ओढतात, त्यामुळे सिलिंडरच्या ओढीच्या निम्मं टेन्शन फिल्मला मिळतं. पीआयडीचं काम फक्त डान्सर मधे ठेवणं. प्रेशर वाढवलंत तर १२ मायक्रॉन ताणली जाईल आणि झोका तसाच राहील.

कागदवाला
आमच्याकडे क्राफ्ट पेपरच्या रिवाइंडरवर रोल टेलिस्कोप होतो, मधला भाग बाहेर येतो. टेपर टेन्शन किती टक्के ठेवायचं? तुमच्याकडे डान्सर आहे म्हणून विचारतो.

ड्राइव्हवाली
तो रिवाइंडचा प्रश्न आहे दादा, इथला अनवाइंडचा. वेगळा धागा काढा, पेपरची ग्रेड आणि रोलचा व्यास लिहा, मी तिथे येते.

शॉपफ्लोअर_वाळूज
ताई, मोजलं. २०० ला झोका साधारण ३ सेकंदांचा, १०० ला पण ३ सेकंदांचाच.

पीएलसीची ओळ ही आहे:

```
N_ref := 636.6 * V_line / D + PID_OUT;
(* V_line m/min, D mm, PID_OUT +/-144 rpm *)
```

आय २ सेकंद, डी शून्य.

ड्राइव्हवाली
सापडलं. तुमच्या ऑपरेटरला मनापासून शाबासकी द्या, उत्तर त्याने दारावर चिकटवूनच ठेवलंय.

पीआयडीचं आउटपुट तुम्ही भागाकारानंतर, थेट मोटरच्या आरपीएममध्ये मिळवताय. १४४ मोटर आरपीएम म्हणजे रोलचे ७२. पूर्ण रोलवर ७२ आरपीएम म्हणजे फिल्मचा वेग मिनिटाला १३६ मीटरने बदलला, कोअरवर तेच ७२ म्हणजे जेमतेम २१ मीटर. डान्सरला आरपीएम कळत नाही, त्याला फक्त येणारी आणि जाणारी फिल्म कळते. तेव्हा तोच पी पूर्ण रोलवर साडेसहापट जोरात मारतो. ऑपरेटरचे ४ आणि ०.७ यांत जवळजवळ सहापट फरक आहे, तो हाताने व्यासाचाच भागाकार करतोय. ट्रिम व्यासाच्या आत घ्या:

```
N_ref := 636.6 * (V_line + PID_OUT) / D;
(* PID_OUT +/-20 m/min *)
```

मर्यादा २० ठेवली की कोअरवरची वागणूक जवळपास आजच्यासारखीच राहील, म्हणून पी ४ वरून सुरुवात करा. पूर्ण रोल पावणेचारशे किलोचा आहे, तिथे मोटर हुकमाच्या थोडी मागे राहणारच, म्हणून ३ पर्यंत उतरावं लागेल असं वाटतं.

ट्रिमची मर्यादा लाइन स्पीडच्या टक्क्यात देऊ नका. काही जण देतात, आणि मग लाइन थांबलेली असताना ट्रिमही शून्य होतो. नवीन रोल जोडल्यावर ढिली फिल्म गोळा करून डान्सर मधे आणायला तेव्हाच ट्रिम लागतो.

आय २ सेकंद फार कडक आहे. वेगातला फरक डान्सर स्वतःच साठवत जातो, त्यावर पुन्हा आय साठवायला लागला की दोघे मिळून झोका घेतात. तो २० सेकंद करा. डान्सर मधोमध न राहता बोटभर वर राहिला तरी फिल्मच्या टेन्शनला फारसा फरक पडत नाही.

आता दुसरा त्रास. अनवाइंड ड्राइव्हचा अ‍ॅक्सिलरेशन टाइम किती आहे? आणि लाइन किती सेकंदांत २०० ला जाते?

शॉपफ्लोअर_वाळूज
ड्राइव्हमध्ये १५ सेकंद, डिसेलरेशनही १५. लाइन १० सेकंदांत २०० ला जाते.

ड्राइव्हवाली
मग हिशेब जुळला. १५ सेकंदांत १४४० म्हणजे मोटर सेकंदाला ९६ आरपीएमच वाढू शकते, रोल ४८. लाइन दर सेकंदाला २० मीटर प्रति मिनिट वाढतेय. ४८ आरपीएमला २० मीटर देणारा व्यास काढा, १३३ मिमी येतो. त्याच्या खाली रोलला लाइनबरोबर पळताच येत नाही. कोअरवर सेकंदाला १४ च मिळतात, ६ ची तूट पडते आणि डान्सरने साठवलेली फिल्म दोन सेकंदांत संपते. पीआयडी ओरडत असतो "वाढव, वाढव", पण त्याचा हुकूमही त्याच रॅम्पमधून जातो. चालू लाइनवर रोल हळूहळू लहान होतो, आरपीएम सावकाश वाढतात, म्हणून तिथे काही कळत नाही.

लाइनचा रेफरन्स आधीच नीपच्या ड्राइव्हमध्ये रॅम्प होऊन येतो. अनवाइंडला वेगळा रॅम्प जवळजवळ नकोच. दोन्ही टाइम २ सेकंद करा.

सर्किट_सांगली
रॅम्प कमी करण्याआधी ब्रेकिंग रेझिस्टर आहे का ते बघा. अनवाइंडला फिल्म मोटरला ओढत असते, मोटर सतत जनरेटर झालेली असते. डीसी बस चढली की बरेच ड्राइव्ह ट्रिप न होता डिसेलरेशन स्वतःहून लांबवतात. तुम्ही २ सेकंद टाकाल, ड्राइव्ह मनाने ८ घेईल, आणि थांबताना डान्सर खाली पडेल. त्यापेक्षा लोड सेल लावा, डान्सरची कटकटच नको.

ड्राइव्हवाली
रेझिस्टरचं अगदी बरोबर. ओव्हरव्होल्टेज स्टॉलचं सेटिंग रेझिस्टर लावल्यावर बंद करायचं असतं, ते बरेचदा राहून जातं. लोड सेलशी मात्र सहमत नाही. जॉइंट, बसका रोल, मध्येच येणारा धक्का हे डान्सर अंगावर घेतो, लोड सेल फक्त मोजतो. १२ मायक्रॉनला तो आधार काढू नये.

शॉपफ्लोअर_वाळूज
रविवारी शटडाउनमध्ये सगळं केलं. रेझिस्टर बसवलेला होता, पण स्टॉल चालूच ठेवलेला, तो बंद केला. फॉर्म्युला बदलला. पी ४ ला पूर्ण रोलवर किंचित हालचाल होती, ३ ला थांबली. आय २०. रॅम्प २ सेकंद.

काल तीन जंबो पूर्ण उतरले. तिन्ही वेळा कोअरपर्यंत पी ३ च. ११० मिमीवर मुद्दाम दोनदा थांबवून चालू केलं, डान्सर चार बोटं वर गेला आणि परत आला, फिल्म तुटली नाही. ऑपरेटरने दारावरचा कागद स्वतःच्या हाताने काढला.

आता एक नवीन दिसलं. मोठा झोका गेल्यावर पूर्ण रोलवर एक बारीक थरथर राहिलीय. मोजली तर २०० ला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त, १०० ला एका सेकंदाहून थोडी जास्त.

जुना_फिटर
तो बसका रोल. आधीच सांगितलं होतं.

ड्राइव्हवाली
हो काका, ही थरथर तुमचीच. तिच्यामागे पीआयडीला पळवू नका, डान्सरला घेऊ द्या. क्रेडल करून घ्या.

शॉपफ्लोअर_वाळूज
क्रेडलचं स्टोअरला सांगितलंय. आणखी एक राहिलं. इमर्जन्सी स्टॉप दाबला की लाइन ३ सेकंदांत थांबते. पूर्ण रोल असेल तर तो पुढे पळतो, डान्सर खाली बसतो आणि फिल्मचा ढीग पडतो. लहान रोलला होत नाही.

ड्राइव्हवाली
ते ट्यूनिंगने जाणार नाही. तेवढा रोल ३ सेकंदांत थांबवायला रोलच्या शाफ्टवर ६६ न्यूटन मीटर लागतात, आणि टेन्शन टिकवायचं तर आणखी १८. तुमची मोटर बेल्टमधून सलग ४९ देते, ओव्हरलोडवर थोडा वेळ ७३. लाइनला ५ सेकंद दिले तर ५८ मध्ये बसतं.

सर्किट_सांगली
५ सेकंद परस्पर करू नका. स्लिटरवर उघड्या ब्लेड आहेत, थांबायचा वेळ माणसाचा हात पोहोचण्यावर ठरतो. जुना पावडर ब्रेक भंगारात गेला नसेल तर मोटरच्या जोडीला फक्त इमर्जन्सीसाठी लावता येतो का ते बघा.

शॉपफ्लोअर_वाळूज
ब्रेक स्टोअरमध्येच पडलाय. पण शाफ्टच्या त्या टोकाला आता टायमिंग पुली आहे, दुसऱ्या टोकाला एअर शाफ्टचं चक. कुठे बसवता येईल ते उद्या मेकॅनिकलवाल्यांना घेऊन बघतो. तोपर्यंत ३ सेकंद तसेच ठेवतो. कोणी पुलीच्या बाजूलाच ब्रेक डिस्क चढवलेली असेल तर फोटो टाका.