अनुभव: कॅटलॉगच्या फोटोत जुन्या पाकिटाच्या जागी नवी बरणी

शिल्पा_सातारा: माळा आवरताना मसाल्यांचा जुना कॅटलॉग सापडला. छपाईच्या तोंडावर मालकांनी पिवळं पाकीट बंद करून काचेची बरणी आणली होती. पूर्ण मांडणी पुन्हा लावायला वेळ नव्हता, म्हणून फक्त बरणी वेगळी टिपून फोटोत बसवली. सगळी दिशा शेजारच्या पितळी वाटीने दिली. तिची सावली उजवीकडे, कडा मऊ, म्हणजे प्रकाश डावीकडच्या मोठ्या खिडकीतून. वाटीचं तोंड जेवढं उघडं दिसत होतं तेवढंच बरणीचं दिसेपर्यंत कॅमेरा खालीवर केला. तुम्ही असं काम केलंय का?

दादरकर: प्रकाश उलट बाजूचा असेल तर फोटो आडवा फ्लिप करायचा. दोन मिनिटांचं काम.

शिल्पा_सातारा: अहो दादा, मग लेबलही उलटं होतं ना!

बंड्याकाका: फ्लिप चालतं, पण बरणी कोरी टिपायची. लेबल छापखान्याच्या मूळ फाइलमधून घ्या, स्मार्ट ऑब्जेक्ट करून वार्पने गोलाईवर बसवा. कडेकडे अक्षरं दाटली पाहिजेत, नाहीतर लेबल सपाट चिकटवल्यासारखं दिसतं. मग कोऱ्या बरणीची सावली मल्टिप्लायने लेबलवर आणि चमक स्क्रीनने. कागदाचा पांढरा शुभ्र ठेवू नका, शेजारच्या मिठाच्या पांढऱ्याशी जुळवा.

रेवा: आमच्याकडेही झालं हे! फोटोत बरणी, घरी आलं पाकीट. परत करायला किती फोन केले 😡

शिल्पा_सातारा: रेवाताई, तो वेगळाच त्रास गं. पैसे मिळाले का?

रेवा: मिळाले. मसाला मात्र छान होता, मिसळीला वापरला.

मुद्रा_कोल्हापूर: छापील आकार आधी विचारा. १२ सेंमीची बरणी पानावर ३ सेंमी होणार असेल तर लेबलवरचं २ मिमी उंचीचं अक्षर अर्धा मिमी उरतं. ३०० डीपीआयला ते जेमतेम सहा पिक्सेल. त्यात वेलांटी आणि अनुस्वार टिकत नाहीत, कितीही शार्प करा. आम्ही वजन आणि घटक शेजारी वेगळे टाइप करतो.

बंड्याकाका: हे मान्य. पण काही ग्राहकांना बरणीवरच वाचता यायला हवं असतं. मग बरणी मोठी करावी लागते आणि वाटी खेळण्यातली वाटते. यावर मला अजून तोड मिळालेली नाही.

ओवी: कुकर लावलाय, घाईत लिहितेय. जुन्या वस्तूचा रंग शेजारच्या भांड्यांवर राहतो तो बघता का? पाकीट गेलं तरी स्टीलच्या डब्यावर पिवळी झाक तशीच!

शिल्पा_सातारा: हो गं! वाटी पितळेची म्हणून तिच्यावर खपली, डब्यावर लगेच दिसली. तेवढ्याच भागाचं सॅच्युरेशन उतरवलं आणि बरणीतल्या तिखटाची लालसर छटा हलक्या ब्रशने दिली. बरणीखालची काळी बारीक रेघही हाताने रंगवली, त्याशिवाय ती टेबलावर टेकत नव्हती.

दादरकर: माझ्याकडे पिवळ्यावरची लाल अक्षरं जेपेगमध्ये फुटतात. फॉन्ट बदलू का?

मुद्रा_कोल्हापूर: फॉन्ट नको. जेपेग रंगाचे बारकावे कमी ठेवतो, म्हणून लाल पसरतो. टिफ पाठवा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून.

दादरकर: ग्राहक फक्त व्हॉट्सॲपवरच बघतात हो, तेही मुलाच्या फोनवर.