मदत हवी आहे: मॅग्नेशियमचा पट्टा भरलेला असूनही ते सुवाहक कसे?

पट्टा सिद्धांत शिकताना एका ठिकाणी अडलो आहे. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

सोडियमचे गणित मला पटते. N अणूंच्या स्फटिकात 3s पट्ट्यामध्ये इलेक्ट्रॉनांसाठी 2N जागा असतात आणि इलेक्ट्रॉन मात्र N असतात, त्यामुळे पट्टा अर्धा रिकामा राहतो आणि किंचित विद्युतक्षेत्रानेही इलेक्ट्रॉनांना शेजारच्या रिकाम्या पातळ्यांत जाता येते. मॅग्नेशियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. म्हणजे 2N जागा पूर्ण भरतात, आणि पूर्ण भरलेल्या पट्ट्यात एका दिशेने जाणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाला विरुद्ध दिशेने जाणारा जोडीदार असल्याने एकूण प्रवाह शून्य यायला हवा. प्रत्यक्षात मॅग्नेशियम जवळपास सोडियमइतकेच चांगले वाहक आहे!

याचे उत्तर असे वाचले की 3p पट्ट्याचा तळ 3s पट्ट्याच्या माथ्याखाली येतो, म्हणून काही इलेक्ट्रॉन 3p मध्ये सांडतात आणि दोन्ही पट्टे अंशतः भरलेले राहतात. इथवर ठीक आहे. पण सिलिकॉनमध्येही 3s आणि 3p एकमेकांत मिसळतात, तरी तिथे सुमारे 1.1 eV ची फट उरते, आणि हिऱ्यात, जिथे 2s व 2p मिसळतात, ती सुमारे 5.5 eV असते.

मग मिसळण्याने एकीकडे फट मिटते आणि दुसरीकडे उघडते, हे नेमके कशावरून ठरते? स्फटिकरचनेवरून म्हणावे, तर कथिलाचे उदाहरण त्याला पुष्टी देते, कारण हिऱ्यासारखी रचना असलेल्या करड्या कथिलात फट जवळपास शून्य असते, तर पांढरे कथिल चक्क धातू आहे. केवळ इलेक्ट्रॉन मोजून हे आधी सांगता येते का?